कॅप्शनमध्ये वांदर

आमच्या तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. या धंद्यात विशेषणं पोत्यानं लागतात. कर्तव्यदक्ष, झुंजार, गोरगरिबांचे कैवारी हे सगळे माझ्या कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमध्ये सुखानं नांदतात. वाढदिवस आला की भाऊंचा फोटो बदलायचा, विशेषणं तीच. त्यामुळे शालूताईंच्या बचत गटानं मुंगवड्या इंस्टाग्रामवर विकायचं ठरवलं, तेव्हा कॅप्शनसाठी बोलावणं मलाच येणार होतं. बरं, लिहायला नव्हतंच बोलावलं. लिहून झालं होतं. शालूताईंचा पुतण्या प्रतीक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यानं रात्रभर जागून लिहिलं होतं.

"भाऊ, तुमी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहून द्या जी," शालूताई म्हणाल्या.

मजकूर असा:

"परंपरेची चव, गुणवत्तेची हमी! सर्वोत्तम दर्जाच्या निवडक घटकांपासून, अत्यंत स्वच्छ वातावरणात तयार केलेल्या आमच्या १०० टक्के नैसर्गिक, स्वादिष्ट व पौष्टिक मुंगवड्या आता आपल्या सेवेत. मधुमेह व रक्तदाबावर उपयुक्त. आजच आपली ऑर्डर नोंदवा!"

ऱ्हस्व-दीर्घ एकदम बरोबर होतं. एक वेलांटी चुकली असती तर निदान कोणा माणसानं लिहिलंय एवढं तरी कळलं असतं.

माझी एक सवय आहे. मजकूर कोणाचा आहे हे पाहायचं असेल तर मालाचं नाव काढून भलतंच घालून वाचतो. मुंगवड्यांच्या जागी मी शेजारच्या गावच्या गटाचे पापड घातले. बसले. लोणचं घातलं, तेही बसलं. मग सरकीची ढेप घातली. तीही चपखल बसली. ढेप नैसर्गिक असते, पौष्टिक असते, आणि बैलाला विचारलंत तर स्वादिष्टही असते. फक्त बैलाच्या रक्तदाबाचं काही सांगता येईना.

रक्तदाबावरून पहिला वाद झाला. प्रतीकचं म्हणणं, मूग तब्येतीला चांगला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. असेल. पण खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो अशी जाहिरात करता येत नाही, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. आणि "१०० टक्के" हे शब्द पाकिटावर आणि जाहिरातीत वापरू नका, असं त्यांनीच मे २०२५ मध्ये कळवलंय. पोराचा चेहरा पडला. कॅप्शनमधल्या त्याच्या सर्वांत लाडक्या दोन जागा कायद्यानं गेल्या होत्या. उरलेल्या मी काढल्या. प्रत्येक विशेषणापाशी पेन ठेवून एकच विचारायचं: हे तुला कोणत्या गोष्टीवरून कळलं? "सर्वोत्तम दर्जा" कशावरून? उत्तर नाही, काट. "अत्यंत स्वच्छ" कशावरून? उत्तर नाही, काट. शेवटी कागदावर "मुंगवड्या" आणि "ऑर्डर" एवढे दोनच शब्द राहिले. शालूताई म्हणाल्या, "भाऊ, तुमी दुरुस्त करून राहिले का उपटून राहिले?"

मग माहिती काढायला बसलो. बचत गटाच्या बायकांकडून माहिती काढणं सोपं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बसून पाहावं. "तुमच्या वड्यांत विशेष काय?" असं विचारलं की सगळ्या एका सुरात "चांगल्या हायेत" म्हणतात आणि पदर सावरतात. हा प्रश्नच बिनकामाचा आहे. विशेष काय म्हटलं की माणूस भाषणाला उभा राहतो. त्यापेक्षा विचारावं, वड्या बिघडतात केव्हा?

हे विचारलं आणि गट दुभंगला.

गयाबाई म्हणाल्या, आभाळ आलं की बिघडतात. वड्या घातल्या आणि ऊन गेलं तर आतून ओल राहते, वास येतो, मग भाजीत टाकल्या तरी आंबूस लागतात. म्हणून आदल्या रात्री आभाळ पाहिल्याशिवाय डाळ भिजत घालायची नाही. दुसरीनं सांगितलं, डाळ वाटताना पाणी जास्त झालं तरी बिघडतात, वडी बसते आणि चपटी होते. तिसरीनं थेट बोट दाखवलं, मागच्या चैत्रात पाणी कोणी जास्त घातलं ते. मग मशीन निघालं. गटानं कर्ज काढून वाटायचं मशीन घेतलंय, आणि पाट्यावरची वडी खुसखुशीत होते असं मानणारा एक पक्ष अजून शिल्लक आहे. वडी वाळली हे कसं कळतं, यावर मात्र एकमत होतं: सुपात हलवली की खडखड वाजली पाहिजे, आणि मधून मोडली की आत ओलसर ठिपका दिसता कामा नये.

मी भराभर लिहून घेत होतो. भांडणात माणूस विशेषण वापरत नाही, पुरावा देतो.

एवढ्यात गयाबाई सहज म्हणाल्या, "आन् वांदरं. दिवसभर काठी घेऊन बसा लागते. जाळी उचलून नेतात मेले."

प्रतीक घाईनं म्हणाला, "दादा, ते नका लिहू."

मी वहीत वांदराभोवती गोल केला.

प्रतीकचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. तपशील खरा असला म्हणून गिऱ्हाइकाच्या मनात नेमकं काय उभं राहील हे बघावंच लागतं. वाळवणावर वांदर बसलंय असं चित्र उभं राहिलं तर वड्या कोण घेईल? पण जाळी आहे आणि काठी घेतलेली बाई राखण करतेय असं दिसलं, तर "अत्यंत स्वच्छ वातावरण" न म्हणता तेच सांगितल्यासारखं होतं. शिवाय पापडवाल्या गटाला ही ओळ उचलता येणार नाही. त्यांचा गट सोलर ड्रायरमध्ये वाळवतो, तिथे वांदराला प्रवेश नाही.

तपशील जमले, आता आवाज. इथे प्रतीकनं दुसरं टोक गाठलं. ब्रँडला गावाचा आवाज हवा म्हटल्यावर त्यानं संध्याकाळी लिहून आणलं: "लय भारी बाप्पा! काऊन विचार करून राहिले, घ्या ना जी पटकन!" शालूताईंनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मी अशी बोलतो का रे?"

बोलत नाहीत. शालूताई कमी बोलतात. जे बोलतात ते तोंडावर बोलतात आणि बोलल्यावर जेवायला बसवतात. बोलीभाषा नुसती शिंपडली की वऱ्हाडी पात्र तयार होतं, नाटकात शोभतं, पण त्याच्याकडून पाव किलो वड्या घ्याव्यात असा भरवसा वाटत नाही. आवाज म्हणजे ती बाई कशाकडे बघते, काय बोलायचं टाळते आणि समोरच्याला कितपत सांभाळून घेते. म्हणून आम्ही ठरवलं: कॅप्शनमध्ये शालूताईच बोलतील. उद्गारचिन्ह नाही, कारण त्या ओरडत नाहीत. "आपल्या सेवेत" नाही, कारण त्या कोणाच्या सेवेत नाहीत. स्वतःच्या मालाची स्तुती नाही. बोलीचा शब्द फार तर एखादा, आणि तोही पुण्यातल्या बाईला न विचारता कळेल असा.

सुरुवातीला काय ठेवायचं यावर थोडा वेळ गेला. फोनवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी मजकूर बोट लावल्यावर उघडतो. प्रतीकच्या मजकुरात त्या जागी परंपरा आणि गुणवत्ता दोघी दार अडवून बसल्या होत्या, मुंगवडी आत कुठेतरी. त्याला वांदर पहिल्या ओळीत हवं होतं आता, बाटला होता पोरगा. मी म्हटलं नको, वांदर आधी आलं तर गंमत म्हणून वाचतील आणि पुढे सरकतील. आधी आभाळ. शेवटी असं झालं:

"आदल्या रात्री आभाळ पाहतो. ढग असले तर डाळ भिजवत नाही.

ऊन पडण्याआधी वड्या घालून होतात. मुगाची डाळ, आलं, लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ. डाळ मशीनवर वाटतो, वड्या हातानं घालतो, म्हणून दोन वड्या सारख्या दिसणार नाहीत.

वर जाळी टाकतो आणि गयाबाई काठी घेऊन बसतात. तरी वांदरं थोड्या नेतात. सुपात खडखड वाजल्या की उरलेल्या पाकिटात भरतो.

थोड्या तेलात लाल होईपर्यंत परता, मग रश्श्यात टाका. न परतता टाकल्या तर आम्हाले बोलू नका."

त्याखाली वजन, किंमत, फोन नंबर. तिथे मी कसलाही आवाज काढू दिला नाही. किंमत सांगताना विनोद केला की गिऱ्हाइकाला वाटतं, भाव कमी होईल.

"मशीनवर वाटतो" या दोन शब्दांवर मात्र पाट्याचा पक्ष अडून बसला. प्रतीकला तर "आजीच्या हातच्या, पाट्यावर वाटलेल्या" असंच हवं होतं, ऐकायला गोड लागतं म्हणून. पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो आणि मशीनचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू येतो. शालूताई म्हणाल्या, "लिवा मशीन. लपवाले ते का चोरीचं हाय?"

एक कॅप्शन जमली म्हणजे आवाज सापडला असं मी धरत नाही. एखादी ओळ कोणालाही सुचते. मी प्रतीकला म्हटलं, आता माल संपल्याचं लिही, त्यात तीच बाई बोलते का बघू. त्यानं आधी "ग्राहकांच्या उदंड प्रतिसादामुळे साठा संपुष्टात" असं सुरू केलं, स्वतःच थांबला, खोडलं, आणि लिहिलं: "वड्या संपल्या. पावसाळ्यात घालत नाही. तोवर शेजारणीकडे असतील तर मागा, आमच्या नावानं मागू नका." मी एक अक्षर बदललं नाही. पोराला माझ्या दुकानात ठेवून घ्यावं असं मनात आलं, पण मग भाऊंच्या वाढदिवसाला तो विचारेल, झुंजार कशावरून? धंदा बसायचा.

कॅप्शन टाकली. दोन-चार ऑर्डरी आल्या, एक मुंबईची होती. मग एका ताईंनी खाली विचारलं: "माकडांनी हात लावलेल्या वड्या तुम्ही वेगळ्या काढता ना?"

प्रतीक "आदरणीय ग्राहक, स्वच्छतेला आमचे सर्वोच्च प्राधान्य" इथवर पोचला होता. शालूताईंनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि बोलून टाइप करायचं बटण कुठे आहे ते विचारलं.

"ताई, जिथली जाळी उचललेली दिसते तिथल्या सगळ्या बाजूला काढून गाईले घालतो. आन् ज्या वांदरानं नेल्या, त्या त्यानं आजपर्यंत एकही वापस आणून दिली नाही."