तिसऱ्या टॉपला शॉर्ट? जरा आकडे मांडून बघू

"भाव तीनदा एकाच पातळीवरून फिरला की ट्रिपल टॉप झाला, तिथेच शॉर्ट करा. रेक्टँगलमध्ये खाली घ्या, वर विका, बाकी डोकं लावू नका. राउंडिंग बॉटम तळाशीच भरा, वर गेल्यावर उशीर होतो. पॅटर्नच्या उंचीइतकं टार्गेट येतंच."

चार्ट पॅटर्नबद्दलच्या या सल्ल्यातल्या पहिल्या मुद्द्यावर जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. समजा, चांगल्या तेजीनंतर एका शेअरने 520, 518 आणि पुन्हा 520 असे तीन टॉप केले आणि मधले दोन तळ 482 आणि 480 ला पडले. या घडीला तुमच्या हातात ट्रिपल टॉप नाही, 480 ते 520 चा एक पट्टा, म्हणजेच रेक्टँगल आहे. भाव 480 च्या खाली बंद झाला तरच त्याला ट्रिपल टॉप म्हणायचं. तोवर चौथ्या वेळी 520 फुटून तेजी पुढे चालू होण्याची शक्यता तितकीच जिवंत असते. 517 ला शॉर्ट करून 524 चा स्टॉपलॉस लावणं चूक नाही, पण तो पट्ट्यातला सौदा झाला आणि त्याचं टार्गेट 483 च्या आसपास, 440 नव्हे.

आता 480 तुटलं, भाव 476 ला बंद झाला असं धरू. पट्ट्याची उंची 40, म्हणून टार्गेट 440. पुष्कळ जण स्टॉपलॉस टॉपच्या वर, 522 ला ठेवायला सांगतात. म्हणजे 36 कमवायला 46 पणाला लावायचे! स्टॉपलॉस पट्ट्याच्या मध्यावर, 500 ला आणला तर जोखीम 24 होते आणि गणित जेमतेम जमतं. मला आवडतो तो रीटेस्ट. तुटलेल्या 480 कडे भाव परत येतो, दिवसात 481 ला शिवतो आणि 477 ला बंद होतो. तिथे शॉर्ट, 484 ला स्टॉपलॉस. जोखीम 7, समोर 37. अडचण एकच, रीटेस्ट दर वेळी येत नाही. नाही आला तर सौदा गेला, हे मान्य करूनच थांबायचं.

व्हॉल्यूमही बघा. प्रत्येक टॉपला तो घटत गेला आणि 480 तुटताना वाढला, तर विक्रीत दम आहे. उलट तिसऱ्या टॉपला व्हॉल्यूम वाढलेला दिसला, तर शॉर्टचं बटण दाबण्याआधी मी दोनदा विचार करतो.

रेक्टँगलचा सल्ला अर्धाच खरा आहे. कडेला सौदा ठीक, मध्यावर नको, कारण 500 ला घेतलं की वरखाली सारखंच अंतर उरतं. पण दोन्ही कडा सारख्या धरू नका. रेक्टँगल बहुतेकदा आधीच्या ट्रेंडच्या दिशेनेच फुटतो, त्यामुळे तेजीत तयार झालेल्या पट्ट्यात खाली घेणं वर विकण्यापेक्षा बरं. आणि भाव 524 ला बंद होऊन दुसऱ्याच दिवशी 516 ला आत आला, तर ब्रेकआउट फसला म्हणून लगेच बाहेर पडा. अशा वेळी भाव अनेकदा समोरच्या कडेपर्यंत जातो.

राउंडिंग बॉटमचा तळ तळाशी असताना दिसतच नाही. तेव्हा दिसते ती फक्त मंदावलेली घसरण आणि आटलेला व्हॉल्यूम, आणि असं पुढच्या घसरणीआधीही घडतं. मी एकदा असाच 'तळ' भरला आणि कित्येक महिने पैसे अडकवून बसलो. वीकली चार्टवर 300 वरून 200 आणि परत 300 अशी वाटी झाली, तर डाव्या काठाला अडकलेले लोक मुद्दल सुटलं म्हणून 300 ला विकतात. भाव तिथून 286 पर्यंत येऊन पुन्हा वर वळला आणि आठवड्याच्या शेवटी 304 ला बंद झाला, की घ्यायचं. स्टॉपलॉस 284, टार्गेट 400. आधी घ्यायचंच असेल तर उजव्या बाजूला वरचा तळ तयार झाल्यावर अर्धीच क्वांटिटी.

राहिलं टार्गेट. उंचीचं माप म्हणजे अंदाज, वाटेत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. वरच्याच चार्टवर जुना सपोर्ट 455 ला असता, तर 476 चा शॉर्ट 24 च्या जोखमीवर फक्त 21 देतो. तो सौदा मी सोडून दिला असता.