‘वय बघा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नडगीचं हाड कापून वाकडा पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे ऑस्टिऑटॉमीबद्दल, मी लिहिलेल्या लेखावर आलेली प्रतिक्रिया अशी होती:

“डॉक्टर, लेख वाचून हसावं की रडावं कळेना. सगळं जग रोबोटने गुडघे बदलतंय आणि तुम्ही ४८ वर्षांच्या माणसाला हाड कापून प्लेट लावायला सांगताय. वय बघावं, साठीच्या आत असेल तर गोळ्या-व्यायामावर ओढावं, साठी झाली की गुडघा बदलावा, एवढी साधी गोष्ट आहे. कोनांचं अवडंबर माजवून लोकांना घाबरवायचं आणि आपलं दुकान चालवायचं. वर प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन, ते कोण सांगणार? माझ्या सासऱ्यांचा गुडघा बदलला, सहा आठवड्यांत भाजी आणायला जायला लागले.”

नमस्कार.

आधी ‘दुकान’ या शब्दाबद्दल. मतभेदाला माझी हरकत नाही. पण समोरच्याच्या हेतूवर चिखल उडवायचा, तोही टोपणनावाने, याला मतभेद म्हणत नाहीत. मी इथे नावानिशी लिहितो आणि लिहिलेल्या प्रत्येक वाक्याचा जाब द्यायला उभा असतो. हाडांच्या शस्त्रक्रियेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत. एक्स-रे फिल्मवर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेषा मारायचो तेव्हापासून हे कोन मोजतो आहे. त्याला ‘अवडंबर’ म्हणण्याआधी तुम्ही एकदा तरी एक कोन मोजून पाहिला असता तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मान्य करतो. प्लेट काढण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली मांस फारसं नसतं, त्यामुळे प्लेट हाताला लागते, मांडी घालताना किंवा कुशीवर झोपताना टोचते. हाड पूर्ण भरल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने, बऱ्याच जणांची ती काढावी लागते. हे ऑपरेशन लहान असलं तरी त्याला वेगळी भूल आणि वेगळा खर्च लागतो, आणि रुग्णाला ते पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.

आता तुमचं ते वाक्य घेऊ: ‘वय बघावं, एवढी साधी गोष्ट आहे.’ बाकी सगळं बाजूला ठेवतो, कारण घराघरांत नुकसान या वाक्याने होतं.

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिला ४८ वर्षांचा, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७६ किलो, शेतात दिवसभर उभा राहणारा. दुसऱ्या बाई ६६ वर्षांच्या. दोघांनाही गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं, दोघांचेही पाय धनुष्यासारखे बाहेर वळलेले. उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढला, गुडघ्याची वाटी समोर ठेवून, कारण पाय जरा वळला तरी सगळे कोन खोटे येतात. खुबा, गुडघा आणि घोटा यांना जोडणारा कोन दोघांचाही १७२ अंश. सरळ पायात तो १८० च्या जवळपास हवा, म्हणजे दोघांचाही पाय ८ अंशांनी वाकडा. तुमच्या हिशोबात आता फक्त वय उरतं. पण हे ८ अंश कुठून आले, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्याच्या नडगीचा वरचा कोन, म्हणजे नडगीचा अक्ष आणि सांध्याची रेष यांच्यात आतल्या बाजूला होणारा कोन, ८२ अंश निघाला. तो ८५ ते ९० मध्ये असतो, सहसा ८७ च्या आसपास. मांडीच्या हाडाचा खालचा कोन ८८, म्हणजे ठीक. वरच्या आणि खालच्या हाडाच्या सांधेरेषांमधली तिरकस फट २ अंश, तीही नेहमीच्या मर्यादेत. थोडक्यात वाकडेपणा नडगीच्या हाडात आहे आणि झीज त्या वाकडेपणाचा परिणाम आहे. वजनाची रेष, म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतची सरळ रेष, सांध्याच्या आतल्या बाजूच्या कप्प्यातून जाते, म्हणून तो कप्पा झिजतो.

बाईंच्या नडगीचा कोन ८७. मांडीचं हाड ८८. दोन्ही हाडं सरळ. मग ८ अंश कुठले? त्यातले ७ सांध्याच्या आतले आहेत: आतल्या बाजूची कूर्चा पूर्ण गेली, हाडावर हाड बसलं आणि बाहेरच्या बाजूने सांधा फाकला. आता या बाईंची नडगी कापून पाय सरळ केला, तर जे हाड मुळात सरळ होतं तेच वाकडं होईल. १० अंशांची सुधारणा केली तर नडगीचा कोन ९७ वर जाईल. सांध्याची रेष इतकी तिरपी झाली की वरचं हाड उतारावर सरकू लागतं आणि दुखणं राहतंच. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा हा कोन ९३ ते ९५ च्या वर जाऊ देत नाहीत. बाईंसाठी अर्धा गुडघा बदलणं हा विचार आहे, फक्त नडगीला पुढे सरकू न देणारं त्यांचं पुढचं क्रूशिएट लिगामेंट शाबूत हवं, बाहेरचा कप्पा चांगला हवा आणि पाय हाताने ढकलला की सरळ होत असावा. नाहीतर पूर्ण गुडघा. आणि हेच कोन ४८ वर्षांच्या माणसात निघाले असते, तर वय कमी म्हणून मी त्याची नडगी कापली नसती. हे वयावरून कळत नाही.

वयाला किंमत नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, सत्तरीनंतर पूर्ण गुडघा बदललेल्यांना उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याचा धोका सुमारे ५ टक्के दिसला. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांमध्ये तोच धोका सुमारे ३५ टक्के होता. म्हणजे तीनातल्या एकाला. दुसऱ्यांदा बदलताना हाड कमी उरलेलं असतं, लांब दांड्याचा सांधा लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुम्ही सुचवता तसं १२ वर्षं गोळ्यांवर ओढायचं, तर तोवर मूत्रपिंड आणि जठर काय भोगतं ते वेगळंच. त्यात आतला कप्पा पूर्ण गेला की नडगी सरळ करण्याची संधीही हातची जाते.

ऑस्टिऑटॉमी कोणाला करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, म्हणजे दुकानाचा आरोप जरा तपासता येईल. संधिवाताचा दाहक प्रकार असेल तर नाही. बाहेरचा कप्पा किंवा तिथली गादी गेलेली असेल तर नाही, कारण आपण वजन तिकडेच ढकलणार असतो. गुडघा १०० अंशही वाकत नसेल किंवा १० ते १५ अंशांहून जास्त आखडलेला असेल तर नाही. विडी-सिगारेट सुटत नसेल तर मी थांबतो, कारण हाड भरत नाही. वजन फार असेल तरीही. वयाची ६० ही रेघ मात्र दगडावरची नाही: ६३ वर्षांचा सडपातळ, कष्ट करणारा माणूस, वाकडेपणा नडगीत आणि झीज अर्धवट, तर तो ऑस्टिऑटॉमीला बसतो.

पहिल्या माणसाचं गणित पूर्ण करतो. आपल्याला वजनाची रेष नडगीच्या माथ्याच्या आतल्या कडेपासून ५५ ते ६२ टक्क्यांवर न्यायची आहे. ६२ टक्क्यांचा बिंदू जपानी सर्जन फुजिसावा यांच्या १९७९ च्या कामावरून प्रसिद्ध झाला. झीज कमी असेल तर मी त्याच्या अलीकडे थांबतो. इथे ८ अंशांचा वाकडेपणा आणि वर २ अंश बाहेरचा कल, म्हणजे १० अंश. नडगीचा कोन ८२ वरून ९२ वर जातो, मर्यादेत. कापलेलं हाड किती उघडायचं यासाठी ‘१ अंशाला १ मिलिमीटर फट’ हा ठोकताळा अनेक जण वापरतात, पण तो कापाची लांबी ५७ मिलिमीटरच्या आसपास असेल तेव्हाच जुळतो. या माणसाचा काप ६० मिलिमीटर भरला, तर फट साडेदहा मिलिमीटर हवी. रुंद हाडाच्या माणसात काप ७० चा असेल तर तीच १० अंशांची सुधारणा १२ मिलिमीटरहून जास्त मागते. ठोकताळ्यावर विसंबलं की अशा माणसाचा पाय अर्धवट सरळ होतो आणि काही वर्षांत दुखणं परत येतं.

काप नडगीच्या आतल्या बाजूने, सांध्याच्या साधारण ४ सेंटिमीटर खालून, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, म्हणजे फिब्युलाच्या, वरच्या टोकाच्या दिशेने जातो. आधी ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्मखाली दोन तारा घालून दिशा ठरवायची, मग करवत, पाणी सोडत, म्हणजे हाड जळत नाही. गुडघा वाकवून मागे रक्तवाहिन्यांसमोर आडोशाला रिट्रॅक्टर धरायचा. बाहेरच्या कडेला सुमारे १ सेंटिमीटर हाड अखंड ठेवायचं, तीच बिजागरी. मग छिन्न्या एकावर एक सरकवत फट सावकाश उघडायची. काही मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. घाई केली की बिजागरी फुटते. भेग बाहेर किंवा खाली गेली तर जोड अस्थिर होतो. वर सांध्यात गेली तर ज्या चांगल्या कप्प्यावर सगळी भिस्त, तोच फुटतो. दुसरी नेहमीची चूक फटीच्या आकाराची. नडगीचा आतला पृष्ठभाग तिरका असल्यामुळे पुढची फट मागच्या फटीच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश हवी. दोन्ही सारख्या उघडल्या तर नडगीच्या माथ्याचा मागचा उतार वाढतो, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि पुढच्या क्रूशिएटवर ताण येतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे दिसत नाही, बाजूचा बघावा लागतो.

स्क्रू जिच्यातच घट्ट बसतात अशी लॉकिंग प्लेट लावल्यावर कुबड्यांच्या आधाराने अर्धं वजन, आणि बिजागरी शाबूत असेल तर साधारण सहा आठवड्यांनी पूर्ण. दहा वर्षांनी बहुतेक अभ्यासांमध्ये ७५ ते ९० टक्के रुग्णांना गुडघा बदलावा लागलेला नसतो. उरलेल्यांचा पुढे बदलता येतो. जुनी प्लेट आणि बदललेला उतार यांमुळे ते काम थोडं किचकट होतं, इतकंच.

रोबोटबद्दल एवढंच की तो काप नीट घेतो, काप घ्यायचा की नाही हे ठरवत नाही. तुमच्या सासऱ्यांना आराम पडला याचा आनंद आहे. त्यांचं वय आणि कोन तुम्ही लिहिले नाहीत, त्यामुळे त्यावरून ४८ वर्षांच्या शेतकऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर पूर्ण पायाचा, उभ्याने काढलेला एक्स-रे समोर ठेवून लिहा, मी प्रत्येक कोनाला उत्तर देईन. ‘दुकान’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र प्रतिक्रिया काढून टाकेन.