वहिनींचे अकरा हजार सहाशे

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितोय.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या एक वहिनी मकरपुरा जीआयडीसीत नवऱ्यासोबत फॅब्रिकेशनचं शॉप चालवतात. एका पार्टीची 40 ब्रॅकेटची ऑर्डर होती, 3 एमएम पत्रा, नगाला 1,850. सगळं व्हॉट्सॲपवर. मध्येच व्हॉइस मेसेज आला, पत्रा 4 एमएम घ्या. वहिनींनी लिहिलं, "मग रेट 2,140 पडेल." त्यावर पार्टीने नुसता अंगठा दाबला. माल गेला, बिल 85,600 चं गेलं, आले 74,000. पार्टी म्हणते, 4 एमएम आम्ही मागितलाच नव्हता. व्हॉइस मेसेजच्या जागी आता "This message was deleted" एवढंच दिसतं. पाठवणाऱ्याला दोन-अडीच दिवसांपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. अंगठा तर केव्हाही काढून घेता येतो.

भाव विचारायला, फोटो दाखवायला व्हॉट्सॲपसारखं काही नाही, हे मान्य. पण नग, माप, रेट, तारीख यांतलं काहीही ठरलं किंवा बदललं की त्याच दिवशी मेल गेलाच पाहिजे. आणि त्या मेलमध्ये "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" असं लिहू नका हो! त्यातून काय बोलणं झालं ते कोणालाच कळत नाही. वहिनींचा मेल असा हवा होता:

"12 तारखेला सकाळी 11.20 ला आपण व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजने ब्रॅकेटचा पत्रा 3 ऐवजी 4 एमएम करायला सांगितलंत. नग 40, तेवढेच. रेट 1,850 ऐवजी 2,140, जीएसटी वेगळा. डिलिव्हरीची तारीख अजून ठरायची आहे. बरोबर असेल तर याच मेलला 'मान्य' असं उत्तर द्या. उत्तर आलं की पत्रा कापायला घेतो."

ठरलेलं आणि न ठरलेलं यात वेगवेगळं दिसतं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने मान्य केलं, असं धरता येत नाही. पण कटिंग त्याच्या उत्तरावर अडलंय म्हटल्यावर उत्तर येतं. मेल गेला की व्हॉट्सॲपवरही एक ओळ टाका: "मेल केलाय, तिथेच उत्तर द्या."

तरी पार्टी पुन्हा व्हॉट्सॲपवरच लिहिणार. लिहू दे. तिथे गोडीत एका ओळीत उत्तर द्या आणि संध्याकाळी त्याच मेलला "Reply all" करून लिहा की आज 4.10 ला आपण अमुक सांगितलंत. विषयाची ओळ बदलू नका. ती बदलली की जीमेल नवीन साखळी सुरू करतं, आणि सहा महिन्यांनी अर्धी गोष्ट एकीकडे, अर्धी दुसरीकडे सापडते. परचेसवाला आणि अकाउंट्सवाला दोघेही पहिल्या मेलपासून आत हवेत. पैसे कापतो तो अकाउंट्सवाला, आणि वहिनींच्या चॅटमध्ये तो कधी नव्हताच. ड्रॉइंगचा फोटो काढून पाठवू नका, मूळ फाइल मेलला जोडा. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि बारीक मापं पुसट होतात.

जुन्या चॅटची फाइलही काढून ठेवा: अँड्रॉइडवर तीन टिंबं, More, Export chat. ती स्वतःच्या मेलवर त्याच दिवशी पाठवा. पण ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही उघडून खाडाखोड करू शकतं. तुम्ही नाव सेव्ह केलं असेल तर तिच्यात नंबरऐवजी तेच नाव येतं. म्हणून मूळ चॅट फोनवरून काढू नका, आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. कोर्टात मेल असो की चॅट, प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. मेल हा काही रामबाण नाही, हेही कबूल.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या माणसाने मेसेज फसवायला काढला की चुकून, देव जाणे. वहिनी मात्र दुपारपासून स्वतःलाच दोष देतायत, ते बघवत नाही. त्यांचं सगळं गेलेलं नाही. पार्टीच्या व्हॉइस मेसेजनंतर दुसऱ्याच दिवशी 4 एमएम पत्रा आणल्याचं बिल आहे. 2,140 चा मेसेज आहे. पार्टीच्या सहीचं चलन आहे, फक्त त्यावर जाडी लिहिलेली नाही, पुढे लिहायची. शॉपची उद्यम नोंदणी आहे. एमएसएमई कायदा 2006 प्रमाणे मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी घ्यायची असते. पार्टीने ती घेतलेली नाही, थेट पैसे कापले.

आज रात्री मेल जाणार आहे. आजचीच तारीख घालून, मागची नाही. सोबत पत्र्याचं बिल, चलन, आणि पुसलेल्या मेसेजची जागा वेळेसकट दिसणारा स्क्रीनशॉट.