लारीवरचा चष्मा आणि ‘पुढचा नंबर’

“चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा म्हणजे नुसतं भिंग. डॉक्टर आणि दुकानवाले उगाच हजारो उकळतात. लारीवर पेपर धरून बघा, दिसेल तो उचला. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच असतो. पुढे धूसर झालं की पुढचा नंबर घ्या, तपासणीची गरज नाही.”

हा मेसेज मला आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याने पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, मी म्हणत होतेच.” आत्या 64 वर्षांची आहे, मधुमेहाला 12 वर्षं झाली. म्हणून हे उत्तर, आणि थोडं चिडूनच.

‘नुसतं भिंग’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, ते आधी मान्य करते. लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या चष्म्याने डोळे बिघडत नाहीत, नंबरही वाढत नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळ बघताना फुगत नाही, म्हणून चष्मा लागतो. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत 40 वर्षांपुढच्या 751 कामगारांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता, चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे 21.7 टक्के वाढली. साधा जवळचा चष्मा एवढं करतो. पण हे कामगार आधी तपासून निवडलेले होते: दूरची नजर चष्म्याशिवाय चांगली आणि डोळ्यांचा दुसरा आजार नाही. मेसेजवाल्याने नेमका हाच भाग गाळला आहे.

आता ‘पुढचा नंबर घ्या’. सगळ्यात घातक वाक्य हेच.

दूरचा नंबर शून्य असेल, तर वाचायचा नंबर साधारण पंचेचाळिशीत +1.00 च्या आसपास असतो, पन्नाशीत +1.50 आणि साठीपर्यंत +2.50. मग तो जवळजवळ थांबतो, कारण भिंगाची लवचीकता तोवर संपलेली असते. +2.50 मधून पान साधारण 40 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं. हिशेब सोपा आहे: 100 ला नंबराने भागा. +3.50 चा चष्मा घातला की तेच अंतर सुमारे 29 सेंटिमीटरवर येतं. पान जवळ धरावं लागतं, जवळ धरलं की अक्षर मोठं दिसतं, आणि माणसाला वाटतं नंबर बरोबर लागला. खरं तर डोळ्याच्या पडद्यातली उणीव त्या मोठ्या अक्षराखाली झाकली जाते.

आत्याचं हेच झालं. गेल्या वर्षी मंगळबाजारातून +2.50 चा घेतला. दिवाळीत +3.00, संक्रांतीला +3.50. मी गेले तेव्हा पेपर नाकाजवळ धरला होता. मी म्हटलं, “आत्या, एक डोळा झाक.” उजवा झाकला तर डाव्याने सरळ वाचलं. डावा झाकला तर म्हणाली, “अगं, ओळी वाकड्या आहेत आणि मधलीच अक्षरं नाहीत.” दोन्ही डोळे उघडे असताना डावा सगळं सांभाळून घेत होता, म्हणून तिला पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, पडदा पाहिला आणि ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारी तपासणी केली. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी मधुमेहामुळे सूज होती. इंजेक्शनं सुरू झाली. डाव्या डोळ्याला चष्म्यापलीकडे काही लागलं नाही. ही सूज दुखत नाही, डोळा लालही होत नाही. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी करायची, नंबर बदलो वा न बदलो.

‘नंबर सारखाच’ हे सरसकट म्हणणंही चुकीचं आहे. लारीवरच्या चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात आणि सिलिंडर, म्हणजे आडव्या-उभ्या दिशेतला नंबराचा फरक, त्यात नसतो. समजा उजवा डोळा दूरसाठी −1.50 आहे आणि डावा शून्य. +2.00 चा चष्मा घातला तर डाव्याला पान 50 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसेल आणि उजव्याला 29 वर. मग डोकं दुखतं, आणि दोष वयाला दिला जातो.

हजारो उकळण्याचं म्हणाल तर महागड्या फ्रेमसाठी गळ घालणारी दुकानं आहेत, ते नाकारत नाही. पण तपासणी वेगळी, फ्रेम वेगळी. चिठ्ठी घ्यायची आणि चष्मा हवा तिथून करायचा.

लारीवरून कोणी घ्यावा? ज्यांना एकेक डोळा झाकून दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसतं, दूरचा नंबर नाही, सिलिंडर नाही आणि पडदा तपासलेला आहे, त्यांनी खुशाल घ्यावा. 40 सेंटिमीटरवर पान धरून आरामात वाचता येईल असा सगळ्यात कमी नंबर निवडावा. अचानक धूसर झालं, एकाच डोळ्याने ओळ वाकडी दिसली, किंवा उलट साठीनंतर चष्म्याशिवायच वाचता येऊ लागलं, तर लारीकडे जायचं नाही. ती शेवटची गोष्ट बरेचदा मोतीबिंदूची सुरुवात असते.

आत्याकडे आता दोन चष्मे आहेत. वाचायला डॉक्टरांच्या नंबराचा, आणि स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला तोच जुना +2.50 चा.