अधिभार उत्पन्नावर नव्हे, करावर
"50 लाखांच्या वर गेलात की सगळ्या उत्पन्नावर 10 टक्के जादा कर. सरकार सरळ दरच का वाढवत नाही?"

हा समज चुकीचा आहे. हा जादा कर म्हणजे अधिभार, आणि तो प्राप्तिकराच्या रकमेवर लागतो; कर व अधिभार यांच्या बेरजेवर 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. नव्या करप्रणालीत 2025-26 या वर्षी 60 लाखांच्या करपात्र पगारावर मूळ कर 13,80,000 रुपये, 10 टक्के अधिभार 1,38,000 आणि उपकर 60,720, म्हणजे एकूण 15,78,720 रुपये होतात. मर्यादा जेमतेम ओलांडणाऱ्याला सीमांत सवलत मिळते, त्यामुळे वाढीव कर वाढीव उत्पन्नापेक्षा जास्त होत नाही (उपकर मात्र वेगळा).

दर न वाढवण्याचे मोठे कारण राज्यघटनेत आहे. मूळ प्राप्तिकराचे निव्वळ उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यावे लागते, आणि पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा 41 टक्के ठरवला. परंतु अनुच्छेद 270 व 271 नुसार उपकर आणि अधिभार या वाटपाबाहेर राहतात. म्हणून वरील 1,38,000 रुपये मूळ दर वाढवून आले असते, तर सुमारे 56,000 रुपये राज्यांकडे गेले असते; अधिभार म्हणून ते पूर्णपणे केंद्राकडेच राहतात. राज्यांची तक्रार नेमकी हीच आहे, आणि ती रास्त आहे.