मुहूर्ताचा नारळ आणि ऑप्शनची मुदत

प्रतिक्रिया: कादंबरीचे सिनेमाचे हक्क निर्मात्याला थेट न देता आधी ठरावीक मुदतीचा ऑप्शन द्यावा, असं लेखकांना सांगणारा तुमचा लेख वाचला. राग मानू नका, पण तुम्ही लेखकांना फितवताय. मराठी सिनेमाचं बजेट ते केवढं, त्यात ऑप्शन फी, मुदतवाढीची फी ही थेरं कशाला? मी एका ज्येष्ठ लेखकांकडून स्टॅम्पपेपरवर एक ओळ लिहून घेतली, ‘माझ्या कादंबरीचे चित्रपटाचे सर्व हक्क यांना दिले आहेत.’ खाली सही. मानधन पिक्चर सुरू झाल्यावर बघू असं ठरलंय. दीड वर्ष झालं, फायनान्सरच्या मागे आहे. लेखक एका शब्दाने बोललेले नाहीत. विश्वासावर चालतं हो सगळं. – एक छोटा निर्माता

उत्तर:

राग कसला? उलट दीड वर्षाचा उल्लेख केलात ते बरं झालं, कारण तुमच्या कागदाचं दुखणं तिथेच आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ एकदा वाचा. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपुष्टात आलं असं धरलं जातं. करारात वेगळं काही लिहिलं असेल तरच सुटका. तुमच्या एका ओळीत काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही म्हणाल, मी पटकथेवर काम करतोय, म्हणजे वापर सुरू आहे. तसा वाद घालता येईल, पण तो कोर्टात घालावा लागेल, आणि तेवढ्यात तुमचा फायनान्सर पळालेला असेल. त्याच कलमात पुढे आहे की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या ओटीटीवाल्यांनी परदेशातल्या प्रेक्षकांसाठीचे हक्क मागितले की तुम्ही कोणता कागद दाखवणार? शिवाय मोबदला किती, हेही लेखी असावं लागतं. ‘पिक्चर सुरू झाल्यावर बघू’ हा आकडा नव्हे.

म्हणजे ज्याला तुम्ही थेरं म्हणता, ती तुमच्यासारख्या हातात पैसा नसलेल्या निर्मात्याचीच सोय आहे. ऑप्शनमध्ये तुम्ही हक्क विकत घेत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या किमतीला, हवं तर विकत घेण्याचा अधिकार तेवढा घेता, आणि तोवर लेखक दुसऱ्या कुणाला हक्क देऊ शकत नाहीत. त्यासाठी काहीतरी रक्कम द्यायचीच. फुकट दिलेला ‘थांबतो’ हा शब्द माणूस पाळेलही, पण मोबदला नसेल तर कायदा त्याला बांधून ठेवत नाही.

आकड्यांत सांगतो. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा सिनेमाचं बजेट ३ कोटी. कादंबरीची किंमत बजेटच्या २ टक्के ठरली, पण ४ लाखांहून कमी नाही आणि १० लाखांहून जास्त नाही. ऑप्शन १२ महिन्यांचा, फी ६० हजार, आणि ती पुढे किमतीतून वजा होणार. वर्षात जमलं नाही तर आणखी १२ महिन्यांसाठी ७५ हजार, ते मात्र वजा होणार नाहीत. ही मुदतवाढ आपोआप मिळत नाही. पहिली मुदत संपण्याआधी लेखी कळवून पैसे पोचवायचे.

आता फायनान्सर दुसऱ्या वर्षी हो म्हणाला. तुम्ही लेखकांना हक्क विकत घेत असल्याची नोटीस देता आणि किमान रकमेतली उरलेली, म्हणजे ३ लाख ४० हजार भरता. त्या दिवशी हक्क तुमचे. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी बजेट खरंच ३ कोटींवर पक्कं झालेलं असेल तर २ टक्के म्हणजे ६ लाख होतात, उरलेले २ लाख तेव्हा द्यायचे. मुदतवाढीचे ७५ हजार धरून लेखकांना मिळाले पावणेसात लाख, पण त्यातले पाच लाख चाळीस हजार तुम्ही फायनान्सरने होकार दिल्यावर दिलेत. आणि त्याने नकारच दिला असता तर तुमचे गेले १ लाख ३५ हजार, लेखकांची कादंबरी मोकळी. ‘बजेट’ म्हणजे नेमकं काय हे मात्र लिहा. प्रसिद्धीचा खर्च आणि व्याज त्यात धरायचं की नाही यावरून पुढे हमखास वाजतं.

खरी घासाघीस फीवर होत नाही, नोटीस दिल्यानंतरच्या काळावर होते. हक्क विकत घेतले आणि सिनेमा केलाच नाही, तर? कादंबरी तुमच्या कपाटात पडून राहणार. म्हणून लेखकाने मागावं की अमुक वर्षांत, समजा तीन, चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क परत. निर्माते हे सहसा मान्य करतात, पण ‘चित्रीकरण सुरू’ची व्याख्या ढिली ठेवतात. आपल्याकडे तिथेच गोम आहे. मुदतीच्या आदल्या आठवड्यात मुहूर्त होतो, नारळ फुटतो, क्लॅप दिला जातो, एक शॉट घेतला जातो, पेपरात फोटो येतो, आणि पुढे सगळं थंड. करारात साधारण असं हवं: ‘चित्रीकरण सुरू म्हणजे मुख्य कलाकारांसह, सलग वेळापत्रकानुसार होणाऱ्या चित्रीकरणाचा पहिला दिवस; मुहूर्त, चाचणी किंवा प्रसिद्धीसाठीचं चित्रीकरण यात धरलं जाणार नाही.’ एवढ्या एका वाक्यासाठी लेखकाने फीत दहा हजार सोडले तरी माझ्या मते सौदा फायद्याचा.

आणखी एक गोष्ट. ‘निर्मात्यास वाटतील ते बदल करण्याची मुभा’ हे कलम सगळेच घालतात. पण कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखक दाद मागू शकतो. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’वर ‘समय की धारा’ हा सिनेमा निघाला तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की करारातल्या अटी कलम ५७ च्या चौकटीतच वाचायच्या. माध्यम बदलतं म्हणून काही बदल करावेच लागतात, हेही न्यायालयाने मानलं. दोन्ही पक्षांत तडजोड झाली. म्हणून मी लेखकांना नकाराधिकार मागायला सांगत नाही, तो कुणी देत नाही आणि दिला तर फायनान्सर बिथरतो. पटकथेचा मसुदा वाचायला मिळावा, पंधरा दिवसांत लेखी मत देता यावं, आणि शेवटचा सिनेमा पटला नाही तर श्रेयनामावलीतून नाव काढून घेता यावं, एवढं पुरे. मसुदा आधी दाखवलेला असला की नंतरच्या भांडणात तुमचीही बाजू बळकट होते.

आता तुमचं काय? पटकथेवर पुढचा रुपया घालण्याआधी लेखकांकडे जा. त्यांचा प्रकाशकाशी झालेला करार मागून बघा, कधी कधी रूपांतराचे हक्क किंवा त्यातला वाटा प्रकाशकाकडे असतो आणि लेखकांच्याच ते लक्षात नसतं. मग जुन्या ओळीच्या जागी नवा करार करा, त्यात तारीख, मुदत, प्रदेश, किंमत आणि मुहूर्ताचं ते वाक्य घाला. ऑप्शन फी त्याच बैठकीत चेकने द्या. आणि ऑप्शन सुटला तर तुम्ही लिहून घेतलेल्या पटकथेचं काय, तेही लिहा: पटकथा तुमची, पण कादंबरीच्या हक्कांशिवाय तुम्हाला ती चित्रित करता येणार नाही, नव्या निर्मात्याला हवी असेल तर त्याने तुमचा खर्च चुकता करून घ्यावी. लेखक गप्प आहेत तोवरच हे सगळं एका बैठकीत होईल.