दोन लाखांचा डोस आणि रोजची गोळी

प्रतिक्रिया: “ताई, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवरचा तुमचा लेख म्हणजे उगाच भीती घालणं आहे. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी पोरांना दोन-दोन लाख युनिट पाजतात, ते विष का? आमच्याकडे बाळंतिणीला कलेजी देतात. आणि ‘क’ मात्र कितीही खा, लघवीतून जातं म्हणे! एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा.”

नमस्कार. अंगणवाडीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण उत्तर त्या चमच्यातच आहे. दोन लाख आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम रेटिनॉल, म्हणजे ‘अ’चं तयार रूप. आकडा थोरला दिसतो, पण तो सहा महिन्यांवर पसरा: दिवसाला साधारण ३३० मायक्रोग्रॅम. लहान मुलाची रोजची गरज याच्याच आसपास असते. म्हणजे हे सहा महिन्यांचं रेशन एकदम दिलं जातं, आणि तसं देता येतं ते यकृतामुळे. यकृतात काही खास पेशी असतात, त्या हे रेटिनॉल तेलाच्या थेंबांसारखं साठवतात आणि शरीराला लागेल तसं थोडंथोडं सोडतात. एखाद्या मुलाला डोसानंतर उलटी होते, डोकं दुखतं, तान्ह्या बाळाची टाळू दिवसभर फुगल्यासारखी वाटते. अतिरेकाचीच ती हलकी झलक, पण दोन-एक दिवसांत ओसरते, कारण पुढचा डोस उद्या नसतो.

माझा आक्षेप आहे तो उद्याही असणाऱ्या डोसाला.

माझ्या मामेबहिणीचंच सांगते. केस गळतात म्हणून कुणीतरी तिला ५०,००० युनिटची गोळी सुचवली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी न मागता मिळाली. ती रोज एक घ्यायची. दोन महिन्यांत ओठ फाटायला लागले, कोपऱ्यांत भेगा पडल्या, अंगाची कातडी कोरडी ठक्क. थंडीवर खापर फुटलं. मग केस आणखी गळायला लागले, तेव्हा तिने गोळी सोडली नाही, उलट एकही दिवस चुकवेनाशी झाली! केस गळणं हे ‘अ’च्या अतिरेकाचंच लक्षण आहे हे तिला कोण सांगणार? सातव्या महिन्यात सकाळी उठल्यावर डोकं ठणकायचं, आडवं झालं की वाढायचं, आणि एक दिवस बसची पाटी दुहेरी दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत पाहिलं तर डोळ्याच्या नसेचं टोक सुजलेलं. कवटीतला दाब वाढला होता.

आता हिशेब करा. सात महिने म्हणजे २१० गोळ्या, एक कोटी पाच लाख युनिट. अंगणवाडीतल्या मुलाला पाच वर्षांचं होईपर्यंत नऊ डोसांत मिळून १७ लाख मिळतात. तिने त्याच्या सहापट सात महिन्यांत पोटात घातलं. मोठ्या माणसाची तयार रेटिनॉलची रोजची वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम धरतात. तिची एक गोळीच १५,००० ची होती.

यकृत एवढं का सोसत नाही? आत येताना ‘अ’ला फारशी अडवणूक नाही. जेवणातल्या स्निग्धाबरोबर तयार रेटिनॉलचा बहुतेक भाग शोषला जातो, मात्रा वाढली तरी हे प्रमाण फार घटत नाही. बाहेर जायला मात्र सरळ दार नाही. रक्तात रेटिनॉल एका वाहक प्रथिनाला बिलगून फिरतं, त्या प्रथिनाला आणखी एक मोठं प्रथिन जोडलेलं असतं. ही जोडगोळी मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहसा निसटत नाही. जे मोडून बाहेर पडतं ते फार सावकाश. कोठार भरलं की जास्तीचं रेटिनॉल वाहकाशिवाय, चरबीच्या कणांबरोबर रक्तात हिंडतं आणि नको त्या पेशींत शिरतं. तिथे त्याचं रेटिनॉइक आम्ल होतं आणि ते थेट जनुकांची कळ दाबतं. त्वचा, हाडं, गर्भाची घडण, सगळ्यांवर याची हुकमत चालते. इकडे यकृतातल्या साठवणीच्या पेशी फुगून तंतू विणायला लागतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर यकृत कडक होतं.

आणखी एक फसगत: रक्तातल्या रेटिनॉलची साधी तपासणी कित्येकदा नॉर्मल येते, कारण ती वाहकाला धरून असलेलं मोजते आणि यकृत तो आकडा घट्ट धरून ठेवतं. उपाशीपोटीच्या रक्तात रेटिनिल एस्टर, म्हणजे रेटिनॉलचं साठवणीचं रूप, किती आहे ते पाहावं लागतं. बहिणीची गोळी थांबवली. डोकेदुखी काही आठवड्यांत गेली, केसांना बरेच महिने लागले.

कलेजीबद्दल मी घाबरवत नाही. मेंढीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम निघतं, चारा आणि वय यांनुसार कमीजास्त. आठवड्यातून एकदा एक वाटी खाल्ली तर सरासरी दिवसाला १,००० वर येते, खुशाल खा. रोज खाऊ नका, आणि वर माशाच्या यकृताच्या तेलाचा चमचा व मल्टिव्हिटॅमिन जोडू नका. बाळंतीण आणि गर्भार यांत मात्र फरक करा. बाळंतिणीच्या पोटात आता बाळ नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं रेटिनॉल बाळाच्या घडणीत व्यंग आणू शकतं, म्हणून ब्रिटनमध्ये गर्भवतींना कलेजी टाळायलाच सांगतात.

यकृत विषारी होऊ शकतं हे जुनंच आहे. १५९७ साली नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं. तिघे इतके आजारी पडले की डोक्यापासून पायापर्यंत त्यांची कातडी सोलून निघाली. त्या अस्वलाच्या एका ग्रॅम यकृतात १३ ते १८ हजार युनिट असतात हे विसाव्या शतकात मोजलं गेलं. सील खाऊन जगणारं जनावर ते, सगळी पुंजी तिथेच साठते.

गाजर-भोपळ्याचं गणित निराळं. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतंच ‘अ’ बनवतं. अति गाजरांनी तळहात पिवळे पडतात, डोळे पांढरेच राहतात, आणि एवढंच होतं.

आता ‘क’. त्याला दोन पहारे आहेत. आतड्यात त्याला आत घेणारे वाहक मोजकेच; १०० मिलिग्रॅममधलं बहुतेक शिरतं, पण १,००० ची गोळी घेतली तर साधारण निम्मं किंवा त्याहून कमी. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणून गुडगुड आणि जुलाब. रक्तात गेलेलं पाण्यात विरघळून सुटं फिरतं, सहज गाळलं जातं. मूत्रपिंड त्यातलं लागेल तेवढं परत खेचतं, ती ताकद संपली की बाकीचं काही तासांत लघवीत. (बी-कॉम्प्लेक्सनंतर लघवी पिवळीजर्द होते ती रायबोफ्लेविनमुळे, ‘क’ला रंग नसतो.) मात्र ‘पाण्यात विरघळतं म्हणजे निर्धोक’ हा नियम नव्हे. बी-६ही पाण्यातच विरघळतं, पण मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर नसा बधिर करतं.

‘कितीही खा’ हे वाक्य माझ्या लेखात होतं, ती माझी चूक. ते काढलं आहे. ‘क’चा काही भाग शरीरात मोडून ऑक्झलेट होतो, आणि ते मूत्रपिंडातून जाताना कॅल्शियमला भेटलं तर खडा बनू शकतो. दिवसाला २,००० मिलिग्रॅम ही मोठ्यांची वरची मर्यादा. ज्याला आधी मुतखडा झालाय त्याने रोजच्या १,००० च्या गोळीच्याही नादी लागू नये.